हे कुणाला माहीत नाही, वहीला की बँकेला?

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर दोन फोटो पाठवले. एक तिच्या गृहनिर्माण संस्थेच्या कॅशबुकाचा, दुसरा बँकेच्या पासबुकाचा. ती तिथली नवी खजिनदार होती आणि लेखापरीक्षकांनी तिच्याकडे ३१ मार्चचं बँक जुळवणी पत्रक मागितलं होतं. फोटोंखाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, कॅशबुकात ३५,४७० शिल्लक दिसते, पासबुकात ३०,१४७. मधले ५,३२३ रुपये गेले कुठे? दोन्ही पानांवर ५,३२३ चा आकडा शोधून दमले."

तो आकडा सापडणार नव्हताच. तो कुणी भरलेला नव्हता, कुणी काढलेलाही नव्हता. काही नोंदी पासबुकाची शिल्लक वर ढकलत होत्या, काही खाली ओढत होत्या, आणि त्या ओढाताणीतून शेवटी ५,३२३ उरले होते. अकरावीच्या परीक्षेत पासबुक आणि कॅशबुकाचे उतारे समोर आले की मुलंही हाच घोळ घालतात. आधी दोन शिलकांची वजाबाकी करतात आणि मग तेवढ्या रकमेची नोंद हुडकायला लागतात. फरकाकडे न बघता नोंदींकडे बघायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की उदाहरण आपोआप उलगडतं. तिची दोन पानं समोर ठेवून ते कसं, ते सांगते. आकडे तेवढे सोपे केले आहेत.

आधी फोटो नीट वाचायचा

मूळ पासबुक हातात असतं तेव्हा अंधूक आकडा उजेडात धरून वाचता येतो. फोटोत तशी सोय नसते. पासबुकाचं पान मधल्या घडीपाशी वाकतं आणि शिलकेचा रकाना नेमका तिथेच दबतो. फ्लॅशची चकाकी एखाद्या रकमेवर पडते. म्हणून फोटो सरळ वरून काढायचा, आणि त्यात चार गोष्टी आल्या आहेत ना ते बघायचं: रकान्यांची शीर्षकं, मागच्या पानावरून आणलेली शिल्लक, चेकचे क्रमांक आणि शेवटच्या ओळीतली शिल्लक.

तिच्या फोटोत १३ मार्चच्या दुसऱ्या ओळीवर चकाकी होती. चेक क्रमांक १०२ दिसत होता, रक्कम दिसत नव्हती. पण पासबुकात प्रत्येक नोंदीनंतरची शिल्लक छापलेली असते. वरच्या ओळीत शिल्लक ४१,२८२, या ओळीत २९,५८२. वजाबाकी ११,७००. रक्कम मिळाली, आणि शिल्लक घटली आहे त्या अर्थी ती काढलेली आहे हेही कळलं. रक्कम कोणत्या रकान्यात आहे याबद्दल शंका असली, तरी निर्णय शिल्लकच देते.

फोटो वाचून मी दोन्ही पानं कागदावर उतरवून घेतली. कॅशबुकाचा बँकेचा रकाना असा होता:

| तारीख | तपशील | जमा झाले (रु.) | दिले (रु.) |
|---|---|---|---|
| १ मार्च | मागील शिल्लक | ४२,००० | |
| ३ | चेक १०१, लिफ्ट दुरुस्ती | | ९,००० |
| ५ | सभासदाचा चेक भरला | ६,००० | |
| १० | चेक १०२, सुरक्षारक्षक | | ११,७०० |
| १२ | सभासदाचा चेक भरला | ८,४०० | |
| २० | चेक १०३, पाण्याचे टँकर | | ४,५३० |
| २८ | चेक १०४, प्लंबर | | ३,२०० |
| २९ | सभासदाचा चेक भरला | ७,५०० | |
| ३१ | अखेरची शिल्लक | | ३५,४७० |

आणि पासबुक असं:

| तारीख | तपशील | काढले (रु.) | भरले (रु.) | शिल्लक (रु.) |
|---|---|---|---|---|
| १ मार्च | मागील शिल्लक | | | ४४,५०० |
| ४ | चेक १०० | २,५०० | | ४२,००० |
| ५ | चेक १०१ | ९,००० | | ३३,००० |
| ६ | क्लिअरिंगने जमा | | ६,००० | ३९,००० |
| ८ | चेक परत | ६,००० | | ३३,००० |
| ८ | चार्जेस | ११८ | | ३२,८८२ |
| १३ | क्लिअरिंगने जमा | | ८,४०० | ४१,२८२ |
| १३ | चेक १०२ | ११,७०० | | २९,५८२ |
| १८ | एनईएफटीने जमा | | ४,५०० | ३४,०८२ |
| २२ | चेक १०३ | ४,३५० | | २९,७३२ |
| ३१ | व्याज | | ४१५ | ३०,१४७ |

उलटा आरसा

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बँकेत ठेवलेला पैसा हे संस्थेचं येणं आहे, तर बँकेच्या दृष्टीने तेच देणं. त्यामुळे कॅशबुकात बँकेची शिल्लक नावे बाजूला असते आणि पासबुकात तीच जमा बाजूला. आपण कॅशबुकाच्या नावे बाजूला लिहिलेली रक्कम पासबुकाच्या जमा रकान्यात शोधायची, आणि जमा बाजूची नावे रकान्यात. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांत रकान्यांवर नुसतं नावे आणि जमा लिहिलेलं असतं, तेव्हा मुलं नावे बाजू नावे बाजूशी ताडतात आणि एकही नोंद जुळत नाही. तसं झालं की आपण आरसा सुलटा धरला आहे असं समजावं.

पेन्सिलीची खूण

आता पेन्सिल घ्यायची. कॅशबुकातली एक नोंद उचलायची, ती पासबुकात शोधायची आणि सापडली की दोन्हीकडे खूण करायची. शोधताना तारखेवर भिस्त ठेवायची नाही, कारण चेक दिल्याची आणि तो वटल्याची तारीख क्वचितच एक असते. आपण दिलेल्या चेकसाठी क्रमांक आणि रक्कम बघायची, बँकेत भरलेल्या चेकसाठी रक्कम आणि पुढचे दोन-तीन दिवस.

मात्र पहिली खूण करण्याआधी वरच्या ओळीकडे बघायला हवं. तिथेच एक सापळा आहे. कॅशबुकात सुरुवातीची शिल्लक ४२,००० आहे आणि पासबुकात ४४,५००. म्हणजे मार्च उजाडला तेव्हाच २,५०० रुपयांचा फरक होता. खाली ४ मार्चला चेक १०० चे २,५०० रुपये गेलेले दिसतात. हा चेक मार्चच्या कॅशबुकात नाही, म्हणून विद्यार्थिनीने तो "कॅशबुकात लिहायचा राहिला" असं धरून यादीत घातला होता. खरं तर तो फेब्रुवारीत दिला होता आणि फेब्रुवारीच्याच पानावर लिहिलेला होता. तो मार्चमध्ये वटला आणि सुरुवातीचा फरक मिटला. पासबुकात ४ तारखेनंतरची शिल्लक बरोबर ४२,००० आहे, हाच त्याचा पुरावा. सुरुवातीच्या फरकाची आणि या नोंदीची अशी जोडी लावून दोन्हींवर खूण करायची. ३१ मार्चच्या फरकाशी त्यांचा काही संबंध उरत नाही.

बाकीच्या खुणा झाल्या. चेक १०१ जुळला, १०२ जुळला, १२ तारखेचे ८,४०० जुळले, ५ तारखेचे ६,००० सुद्धा ६ तारखेच्या जमेशी जुळले. ज्या नोंदींवर खूण नाही, त्यांच्यातच फरकाची सगळी कारणं आहेत. अशा प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट कुणाला माहीत नाही, वहीला की बँकेला?

बँकेला अजून माहीत नाही

चेक १०४ चे ३,२०० रुपये वहीत खर्ची पडले आहेत. प्लंबरने मात्र चेक अजून बँकेत भरलेला नाही. बँकेच्या लेखी ते पैसे खात्यातच आहेत, म्हणून पासबुकाची शिल्लक तेवढ्याने जास्त दिसते. कॅशबुकाच्या शिलकेपासून पासबुकाच्या शिलकेकडे जायचं असेल तर ३,२०० मिळवायचे.

२९ तारखेला भरलेले ७,५०० वहीत जमा आहेत, पासबुकात नाहीत. चेक संध्याकाळी ड्रॉपबॉक्समध्ये टाकला होता आणि महिना संपेपर्यंत वटला नव्हता. पासबुकाची शिल्लक तेवढ्याने कमी, म्हणून ७,५०० वजा.

या दोन्ही नोंदींमध्ये कुणाचीही चूक नाही. दिवस गेले की त्या आपोआप जुळतात. चेक वटायला लागणारा वेळ आता पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, कारण ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकचं क्लिअरिंग दिवसभर अखंड सुरू केलं. त्यामुळे भरलेला चेक अडकून पडण्याचं प्रमाण घटेल. पण प्लंबरच्या खिशात राहिलेल्या चेकवर या बदलाचा काही परिणाम होत नाही. अशा चेकवर वेगळी नजर ठेवावी लागते. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तारखेपासून तीन महिन्यांची आहे. तीन महिने उलटूनही चेक वटायला आला नाही, तर तो वाटेत आहे असं समजत राहणं चूक. वहीत तो रद्द करून ती रक्कम पुन्हा देणं म्हणून दाखवावी लागते.

वहीला अजून माहीत नाही

आता पासबुकात असलेल्या पण वहीत नसलेल्या नोंदी. १८ मार्चला एका सभासदाने ४,५०० रुपये थेट खात्यात पाठवले. ३१ तारखेला बँकेने ४१५ रुपये व्याज जमा केलं. या दोन्हींनी पासबुक वाढलं, म्हणून ४,५०० आणि ४१५ मिळवायचे.

८ मार्चच्या दोन ओळी लागोपाठ आहेत आणि त्या एकत्रच वाचायच्या. ५ तारखेला भरलेला ६,००० चा चेक ६ तारखेला जमा झाला, पण वटला नाही आणि ८ तारखेला परत गेला. शंभर रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ११८ रुपयेही कापले गेले. न वटलेला चेक ओळखण्यात मुलं हमखास फसतात, कारण कॅशबुकातल्या ६,००० वर खूण झालेली असते आणि ती नोंद मिटली असं वाटतं. पण पासबुकात ६,००० दोनदा आहेत, एकदा आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. खूण पहिल्याला मिळते, दुसरी ओळ उघडी राहते. एखादी रक्कम पासबुकात भरलेली आणि काढलेली अशी दोन्हीकडे दिसली आणि काढलेल्या ओळीत आपला चेक क्रमांक नसला, तर चेक परत आल्याचा संशय घ्यावा. पाठोपाठ छोटी विचित्र रक्कम कापलेली असली, तर तो संशय पक्का होतो. इथे ६,००० आणि ११८ वजा.

हाताची चूक

आतापर्यंतच्या कारणांची बेरीज करून बघितली. ३५,४७० मध्ये ३,२००, ४,५०० आणि ४१५ मिळवले, त्यातून ७,५००, ६,००० आणि ११८ वजा केले. आले २९,९६७. पासबुकात आहेत ३०,१४७. अजून १८० रुपये बाकी.

पुष्कळ जण इथे थकून "इतर फरक १८०" असं लिहून मोकळे होतात. पण उरलेला लहान फरक फार बोलका असतो. त्याला ९ ने नि:शेष भाग जातो का ते बघायचं. १८० ला जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की पडणाऱ्या फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. भाग गेला म्हणजे चूक तीच, असं ठरत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं. आणि खरोखरच चेक १०३ वहीत ४,५३० आहे, पासबुकात ४,३५०. विद्यार्थिनीने क्रमांक जुळला म्हणून खूण केली होती, रक्कम अंकाअंकाने वाचली नव्हती. बाकीच्या नोंदी मिटवण्याआधी ही कसोटी लावून उपयोग नसतो, कारण अनेक कारणांच्या मिश्रणात ९ चा भाग जाणं न जाणं योगायोगच. हीच गोष्ट दुसऱ्या एका कसोटीची. रक्कम चुकून उलट्या बाजूला लिहिली गेली तर फरक तिच्या दुप्पट पडतो, म्हणून उरलेल्या फरकाची निम्मी रक्कम पानावर शोधायची.

फोटोत ४,३५० हे वाचायला चुकलं असेल का? त्याआधीची शिल्लक ३४,०८२, नंतरची २९,७३२. फरक ४,३५०. म्हणजे बँकेने तेवढेच काढले. पण बँकेने तेवढे काढले म्हणून तेच बरोबर, असं होत नाही. चूक कुणाची हे टँकरवाल्याचं बिल आणि चेकबुकातलं काउंटरफॉईल ठरवतात. दोन्हींवर ४,३५० होतं, म्हणजे चूक वहीची. काउंटरफॉईलवर ४,५३० असतं, तर बँकेला पत्र लिहावं लागलं असतं. इथे वहीत खर्च १८० ने जास्त पडला होता, म्हणून १८० मिळवायचे.

पत्रक

| तपशील | रु. | रु. |
|---|---|---|
| ३१ मार्चची कॅशबुकातील शिल्लक | | ३५,४७० |
| मिळवा: वटायला न आलेला चेक १०४ | ३,२०० | |
| सभासदाने थेट भरलेली रक्कम | ४,५०० | |
| बँकेने दिलेले व्याज | ४१५ | |
| चेक १०३ वहीत जास्त लिहिला | १८० | ८,२९५ |
| | | ४३,७६५ |
| वजा: भरलेला पण जमा न झालेला चेक | ७,५०० | |
| न वटता परत आलेला चेक | ६,००० | |
| बँकेचे चार्जेस | ११८ | १३,६१८ |
| पासबुकातील शिल्लक | | ३०,१४७ |

१३,६१८ मधून ८,२९५ वजा केले की ५,३२३ येतात. ती जो आकडा शोधत होती तो सात कारणांचा निव्वळ परिणाम होता.

कधीकधी प्रश्नात शिल्लक ओव्हरड्राफ्टची असते, म्हणजे खात्यातल्यापेक्षा जास्त पैसे काढलेले. तेव्हा वेगळे नियम पाठ करण्याची गरज नाही. सुरुवातीच्या शिलकेला उणे चिन्ह लावायचं आणि मिळवा-वजा हेच ठेवायचं. उत्तर उणे आलं तर पासबुकातही ओव्हरड्राफ्ट आहे.

सातांपैकी पाच वहीत लिहायची

परीक्षेतलं उदाहरण इथे संपतं, खजिनदाराचं काम संपत नाही. पत्रक हे खातं नव्हे. त्यात लिहिलं म्हणून वही दुरुस्त होत नाही. बँकेला माहीत नसलेल्या दोन गोष्टी तशाच सोडायच्या, कारण वही त्या बाबतीत बरोबर आहे. उरलेल्या पाच वहीत उतरवायच्या. परत आलेल्या चेकचे ६,००० त्या सभासदाच्या नावे टाकायचे, म्हणजे त्याची थकबाकी पुन्हा उभी राहते. ४,५०० ज्याने पाठवले त्याच्या खात्यात जमा करायचे. पासबुकातल्या त्रोटक तपशिलावरून नाव कळत नसेल तर तोवर उचंत खात्यात ठेवायचे, अंदाजाने कुणाच्या नावावर टाकायचे नाहीत. व्याज, चार्जेस आणि १८० ची दुरुस्तीही करायची.

या पाच नोंदी केल्या की कॅशबुकाची शिल्लक ३४,४४७ होते. संस्थेच्या ताळेबंदात बँक शिल्लक म्हणून जायची ती हीच. आधीचे ३५,४७० तिथे चालत नाहीत, पासबुकातले ३०,१४७ सुद्धा नाहीत.

मार्चची वही, एप्रिलचं पासबुक

दहा-बारा दिवसांनी तिचा आणखी एक फोटो आला, एप्रिलच्या पासबुकाचा. २ एप्रिलला ७,५०० जमा आणि ७ एप्रिलला चेक १०४ चे ३,२०० वजा. त्याशिवाय एप्रिलमधले दोन नवे भरणे. तिने विचारलं, "आता हे नवे भरणेही पत्रकात घालायचे का?"

उताऱ्यांच्या प्रश्नातला हा सगळ्यात फसवा प्रकार. दोन्ही उतारे एकाच महिन्याचे असतील तर जे *न जुळणारं* ते फरकाचं कारण. कॅशबुक एका महिन्याचं आणि पासबुक पुढच्या महिन्याचं असेल तर नियम उलटतो. तेव्हा जे *दोन्हीकडे सापडतं* तेच कारण. जी नोंद मार्चच्या वहीत आहे आणि एप्रिलच्या पासबुकात आली, ती ३१ मार्चला वाटेत होती. एप्रिलचे नवे भरणे मार्च संपल्यावरचे आहेत, त्यांचा ३१ मार्चशी संबंध नाही. मार्चच्या वहीतली जी नोंद एप्रिलच्या पासबुकात दिसत नाही, ती मार्चमध्येच वटली असं गृहीत धरलं जातं. म्हणून असे उतारे हातात आले की आधी वरचे महिने वाचायचे. तेवढं एक बघितलं नाही तर पुढचं सगळं उलटं होतं.

आमच्या पानांवर पडताळून बघू. दुरुस्त वहीची शिल्लक ३४,४४७. दोन्हीकडे सापडणाऱ्या नोंदी दोनच. ३,२०० मिळवले, ७,५०० वजा केले. आले ३०,१४७, आणि एप्रिलच्या पासबुकाची सुरुवातीची शिल्लक नेमकी तीच. मात्र दुरुस्ती न केलेल्या ३५,४७० पासून सुरुवात केली असती तर ३१,१७० आले असते आणि गणित अडलं असतं. व्याज, चार्जेस आणि परत आलेला चेक या मार्चच्या पासबुकातल्या गोष्टी. एप्रिलच्या पानावर त्यांचा मागमूस नसतो. म्हणून या पद्धतीवर विसंबायचं तर मार्चची वही आधीच दुरुस्त झालेली हवी. परीक्षेतल्या प्रश्नात ती तशी आहे असं गृहीत असतं. खऱ्या पासबुकाच्या बाबतीत तसं धरून चालत नाही, त्याच महिन्याचं पान मागवावं लागतं.

मे महिन्यात तिने पुन्हा फोटो पाठवला, या वेळी तिनेच तयार केलेल्या एप्रिलच्या पत्रकाचा. प्रत्येक रकमेसमोर तिने पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता, कुठे "वही", कुठे "बँक". न वटलेल्या ६,००० चा सभासद नवा चेक देऊन गेला होता, तो वटल्याची तारीखही तिने शेजारी लिहिली होती. मला त्यात एकही खूण दुरुस्त करावी लागली नाही.